सीताआजीची पत्रं: नवसाक्षरांसाठी एक गोष्ट लिहिताना

आमचा वर्ग रात्री आठला भरतो. भाकरी थापून, भांडी घासून, धारा काढून बायका मारुतीच्या देवळाशेजारच्या समाजमंदिरात येतात. गाव खटाव तालुक्यातलं. इथल्या घराघरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, आधी गिरणीत, नंतर माथाडीत. वर्गातल्या अकरा बायकांनी ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा दिली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. सगळ्या पास झाल्या. निकाल लागला त्या आठवड्यात एका काकूंनी मला विचारलं, “बाई, आता काय वाचायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवेशिका संपली होती आणि वर्तमानपत्र अजून लांब होतं. घरातली पुस्तकं मुलांची होती, ससा-कासवाची. पंचावन्न वर्षांच्या, दोन सुना आणलेल्या बाईच्या हातात ससा-कासव देणं मला बरं वाटेना. म्हणून मीच एक गोष्ट लिहायला घेतली. एक बाई वारलेल्या आजीची पत्रं वाचते, एवढंच डोक्यात होतं. गोष्ट दोन पानांची, पण ती पुरी व्हायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत काय काय घडलं ते लिहून ठेवते आहे.

पहिला खर्डा मी एका रविवारी लिहिला. साधारण नऊशे शब्दांचा. त्यातली नात पुण्यात नोकरी करणारी, शिकलेली. ती गावी येते, पेटी उघडते, आजीची पत्रं वाचते आणि रडते. मला तो आवडला होता. सोमवारी वर्गात प्रती वाटल्या आणि प्रत्येकीला एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला. मी वही घेऊन बाजूला बसले. जिथे वाचणारी थांबेल तिथे उभी रेघ आणि जिथे मागे जाऊन पुन्हा वाचेल तिथे आडवी, एवढंच ठरवलं होतं. मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही.

पहिल्या पानावरच रेघांची गर्दी झाली. गंमत म्हणजे जिथे थांबतील असं मला वाटलं होतं तिथे त्या थांबत नव्हत्या. ‘च्या’, ‘ल्या’, ‘त्या’ ही जोडाक्षरंच आहेत, पण ‘आजीच्या’, ‘तिच्या’, ‘घेतल्या’ हे सगळ्या सहज वाचून गेल्या, कारण ते तुकडे डोळ्याला रोजचे झालेत. अडल्या त्या ‘ल’पाशी. साध्या ‘ल’पाशी. मला कळेना. मग एकीनं प्रवेशिका उघडून माझ्या कागदाशेजारी धरली. प्रवेशिकेतला ‘ल’ मराठी वळणाचा, शेजारी शेजारी दोन गाठींचा. माझ्या संगणकानं दिलेला होता तो हिंदी वळणाचा, उजवीकडे उभा दंड असलेला. ‘श’चंही तेच. मी आयुष्यभर दोन्ही वाचत आले, त्यामुळे फरक दिसेनासा झाला होता. तिच्यासाठी ते अक्षरच वेगळं होतं. त्याच रात्री मराठी वळणाचा टंक शोधला, आकार अठरा केला आणि ओळीत पाच-सहाच शब्द ठेवले.

दुसरी अडचण जास्त खोल होती. मी बोलतो तसं लिहिलं होतं: ‘पत्र उघडलं’, ‘अक्षर वाकडं होतं’. सोपं वाटावं म्हणूनच तसं लिहिलं होतं. पण त्यांनी वाचलं ‘उघडलम्’, ‘वाकडम्’. प्रवेशिकेत त्यांना टिंबाचा उच्चार शिकवलेला असतो ‘आंबा’, ‘घंटा’, ‘मुंबई’ असा. शब्दाच्या शेवटी आलेलं टिंब म्हणजे बोलण्यातला लांबलेला अ, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. एक मावशी तर ‘वाकडम्’ वाचून थांबल्या, स्वतःशीच म्हणाल्या, “असं कोन बोलतंय?” आणि माझ्याकडे बघितलं. बोलीच्या जवळ जावं म्हणून केलेली सोय त्यांना बोलीपासून लांब नेत होती. मी सगळी गोष्ट ‘उघडले’, ‘वाकडे’, ‘होते’ अशी केली. कानाला थोडी पुस्तकी वाटते, पण वाचताना अडत नाही, आणि वाचून झाल्यावर सांगताना त्या आपोआप ‘उघाडलं’ म्हणतातच. आमच्या बोलीतलं ‘न्हाई’, ‘व्हतं’ लिहून पाहायचाही मोह झाला होता. पण ‘न्हा’ आणि ‘व्ह’ ही अवघड जोडाक्षरं, आणि डोळ्यांनी कधी न पाहिलेली. तो विचार सोडला.

ओळीच्या शेवटी शब्द तुटणं हा तिसरा अडथळा. ‘आठ’ एका ओळीत आणि ‘वण’ पुढच्या. वाचणारीनं ‘आठ’ म्हटलं आणि ती आठ कशाचे ते शोधायला लागली. तेव्हापासून ओळ कुठे तोडायची ते मी हातानं ठरवते, जिथे बोलताना आपण श्वास घेऊ तिथे.

इथवर सगळं अक्षरांचं होतं. गोष्ट मात्र अजून माझीच होती.

वाचन संपल्यावर मी म्हटलं, आता गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. वाचता येणं आणि कळणं वेगळं असतं, हे तेव्हा लख्ख दिसलं. सर्वांत भरभर वाचणारी तरुण सून पेटीत काय सापडलं ते सांगू शकली नाही. अडखळत, बोट ठेवून वाचणाऱ्या मोठ्या काकूंनी सगळी गोष्ट सांगितली आणि वर विचारलं, “ती पोरगी शिकलेलीच हाय. तिला पत्र वाचायला काय जड? मग ही गोष्ट आमाला कशाला?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शिकलेल्या नातीला पत्र म्हणजे फक्त आठवण. जिला वर्षापूर्वी अक्षर कळत नव्हतं तिच्यासाठी तोच कागद आजवर बंद दार होता. त्या दिवशी नात बदलली. पुण्याची नोकरदार गेली आणि गावातच राहणारी, गेल्या वर्षी वाचायला शिकलेली कमल आली. नाव मुद्दाम बिनजोडाक्षराचं, पुन्हा पुन्हा येणार म्हणून.

पत्रांची भाषा हा वेगळाच अनुभव. जुनं पत्र खरं वाटावं म्हणून मी ‘चि.’, ‘सौ.’, ‘ति.’ अशी आद्याक्षरं आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’ असं जुनं लेखन घातलं होतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम येण्याआधी असंच लिहीत, हे मला ठाऊक. बायकांना ते चुकलेलं वाटलं. परीक्षेत ज्या टिंबाला गुण कापले जातील असं त्यांना शिकवलेलं, ते मी छापून आणलं होतं. मी ती टिंबं काढली, आद्याक्षरंही काढली. पण पत्राच्या मायन्याला हात लावू दिला नाही तो वर्गातल्या सर्वांत थोरल्या आजींनी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी वाचायच्या आधीच म्हणायला सुरुवात केली: “घरी सगळी खुशाल हाईत. तुमची खुशाली कळवावी. काळजी नसावी. कळावे, लोभ असावा.” एकही अक्षर न चुकता. आजींनी चाळीस वर्षं पत्रं पाठवली होती, फक्त स्वतःच्या हातानं लिहिली नव्हती. त्या सांगत आणि कोणीतरी लिहीत. पत्राची भाषा त्यांच्या कानात पक्की बसलेली होती. मग लक्षात आलं की तोंडपाठ असलेलं वाक्य कागदावर भेटलं की डोळे पुढे धावतात. ‘खुशाल’ एकट्यानं आलं असतं तर अडलं असतं. ‘घरी सगळी’ नंतर आलं तर ते न वाचताच कळतं, आणि मग नजर मागे येऊन अक्षरं तपासते. म्हणून गोष्टीत हे वाक्य तीनदा ठेवलं. त्याचा पुढे दुसराही उपयोग झाला.

त्याच खर्ड्यात माझी एक मोठी चूक होती. पेटीतल्या पत्रांत कोपरा फाडलेलं एक पोस्टकार्ड सापडतं आणि त्यावरून कमलला जुनं मरण कळतं, असं मी लिहिलं होतं. वाचणारी तिथे आली आणि वर्ग एकदम गप्प झाला. मग दोघी-तिघी एकदम बोलल्या. कोपरा फाडलेलं पत्र घरात ठेवत नाहीत. ते दारातच वाचून घेतात आणि फाडून टाकतात. वाचता येत नसणाऱ्यांसाठीच तर ती खूण असते. कोपरा नाही म्हणजे काय ते कळलं, आणि मग रडत रडत वाचणारा शोधायचा. हळदीकुंकवाचं बोट लागलेलं असलं की लग्नाचं. एका काकूंनी सांगितलं, त्यांच्या माहेरच्या पत्राचा कोपरा पोस्टाच्या पिशवीतच दुमडून फाटला होता. पत्र वाचणारा शेतातून येईपर्यंत दोन तास त्या उंबऱ्यावर बसून होत्या. आत होतं ते भाच्याच्या बारशाचं आमंत्रण. हे ऐकल्यावर ते पोस्टकार्ड गोष्टीतून काढलं. खोटं होतं ते.

गोष्टीला खरा कणा मिळाला तो यानंतरच्या आठवड्यात. पत्रं कोण लिहून द्यायचं, असं मी सहज विचारलं. शाळेतले गुरुजी, पोस्टमन, सरपंचाचा पोरगा, अशी उत्तरं आली. मग थोरल्या आजी म्हणाल्या, “गुरुजी चांगलं व्हतं. पर लिवताना सासरा बाजूला बसायचा. मग काय सांगनार? खुशाल हाय म्हनायचं.” एवढं बोलून त्या थांबल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी आजवर समजत होते की निरक्षर बाईची अडचण म्हणजे पत्र लिहिता न येणं. अडचण ती नव्हतीच. पत्र जायचं, वेळेवर जायचं, सुंदर अक्षरात जायचं. पण सांगायचं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून, तिसऱ्याच्या देखत सांगता येत नव्हतं. आजीची पत्रं सगळी एकसारखी असणार, आणि त्या एकसारखेपणातच गोष्ट आहे, हे मला तिथे सापडलं. ज्या पत्रात काहीच नाही असं वाटतं, तेच कमलनं वाचायला हवं.

मग काळ ठरवला. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव रात्रीचे वर्ग भरले, मोठी माणसं कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. म्हणजे कमलची आजी तरुण असताना रात्रीच्या शाळेत गेली, हे आमच्या जिल्ह्यात अगदी घडण्याजोगं. आजोबा मुंबईला गिरणीत. पैसे मनिऑर्डरनं. जुन्या पद्धतीची ती सेवा २०१५ साली बंद झाली, पण वर्गातल्या प्रत्येकीला ती आठवते. मनिऑर्डरच्या कागदाचा एक भाग पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायचा. ती पोचपावती. पैसे कोणाच्या हातात पडले याचा पुरावा मुंबईत आजोबांच्या ट्रंकेत साठत होता. मला गोष्टीत रडणं नको होतं, अशी एखादी वस्तूच हवी होती. ‘मनिऑर्डर’ हा शब्द छापायला आणि वाचायला अवघड, रफारही आहे. तरी ठेवला. ‘पैसे आले’ म्हणून भागलं असतं, पण ज्या शब्दाची त्यांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली तो वाचायची मेहनत त्या आनंदानं करतात. एकच काळजी घेतली, त्या ओळीत दुसरा अवघड शब्द ठेवला नाही. ‘सासऱ्यांचा अंगठा’ यातला ‘ऱ्या’ मात्र अनेकींना अडत होता, आणि तिथे अडणं परवडणारं नव्हतं, कारण गोष्टीचा पेच तिथेच कळतो. वाक्य फिरवलं: ‘अंगठा सासरे लावायचे.’

सहाव्या खर्ड्यानंतर गोष्ट अशी झाली. ओळी वर्गात छापल्या तशाच ठेवल्या आहेत.

आजीची पेटी

कमलची आजी वारली.
तेरा दिवस झाले.
पाहुणे गेले. घर रिकामे झाले.

माळ्यावर आजीची पेटी होती.
कमलने ती खाली घेतली.
आत एक जुने लुगडे होते.
लुगड्यात एक गाठोडे होते.
गाठोड्यात कागद होते.

आजोबा मुंबईला गिरणीत होते.
आजी गावाला होती.
आजी पत्र पाठवायची.
आजोबा सगळे कागद जपून ठेवायचे.
काम सुटले, तेव्हा ते गावी आले.
कागदही आले.

कमल गेल्या वर्षी वाचायला शिकली.
तिने पहिले पत्र उघडले.
अक्षर फार सुरेख होते.
“घरी सगळी खुशाल आहेत.
काळजी नसावी. पाऊस बरा आहे.”

तिने दुसरे पत्र उघडले.
तेच सुरेख अक्षर.
“घरी सगळी खुशाल आहेत.
काळजी नसावी.”

तिसरे पत्र उघडले.
“घरी सगळी खुशाल आहेत.
काळजी नसावी.”

कमलला नवल वाटले.
मग तिला आठवले.
आजीला तेव्हा लिहिता येत नव्हते.
आजी सांगायची. गुरुजी लिहायचे.
शेजारी सासरे बसायचे.

गाठोड्यात लहान पावत्या होत्या.
त्या मनिऑर्डरच्या होत्या.
आजोबा दर महिना तीस रुपये पाठवायचे.
पैसे मिळाले की पावतीवर खूण करायची.
ती पावती मुंबईला परत जायची.
पावतीवर एक निळा अंगठा होता.
अंगठा सासरे लावायचे.

तळाशी एक जाड कागद होता.
त्यावर मोठी अक्षरे होती.
अक्षरे वाकडी होती.
ओळ खाली घसरली होती.
कमलने बोट ठेवून वाचले.

“मी सीता लिहिते.
मी रातीच्या शाळेत जाते.
हे पत्र मीच लिहिले.
कोणी बघितले नाही.
तुमचे पैसे येतात.
माझ्या हातात येत नाहीत.
बाळाला ताप होता.
मी जोडवी विकली. औषध आणले.
बाळ आता बरा आहे.
तुम्ही भांडू नका.
पैसे माझ्या नावाने पाठवा.”

बाळ म्हणजे कमलचे वडील.

कमलने पुढची पावती बघितली.
तिथे अंगठा नव्हता.
तिथे वाकडी अक्षरे होती.
सीता.

कमल लहान होती,
तेव्हा आजीच्या पायात जोडवी होती.
ती कधी आली?
कमलने सगळे कागद बघितले.
तसे पत्र मिळाले नाही.

गोष्टीपेक्षा प्रश्नांनी जास्त दमवलं. पहिल्या वेळी मी पाच प्रश्न लिहिले होते. पेटी कोठे होती? आजोबा काय करत? आजी किती पत्रे पाठवी? पत्रे वाचून कमलला काय वाटले? या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात? पहिल्या तिन्हींची उत्तरं बायकांनी गोष्टीत बोट ठेवून दाखवली. हात वर करून, शाळेतल्या मुलांसारखी. चौथ्याला सगळ्यांनी लिहिलं ‘वाईट वाटले’. पाचव्याला ‘शिकले पाहिजे’. अकरा वह्यांत तेच, सुबक अक्षरात. मी वह्या घरी नेल्या आणि एकामागून एक उघडल्या तेव्हा मला सीताआजीची पहिली तीन पत्रं आठवली. मी बाजूला बसून लिहून घेत होते आणि त्या ‘खुशाल’ लिहीत होत्या.

वाईट प्रश्न ओळखायची एक खूण तेव्हा हाती लागली. उत्तर लिहिताना बाई कागदाकडे बघते की माझ्याकडे, हे पाहायचं. माझ्याकडे बघितलं तर ती मला हवं ते उत्तर शोधते आहे. कागदाकडे किंवा खिडकीबाहेर बघितलं तर ती स्वतः विचार करते आहे.

त्याहून वाईट प्रश्न दुसऱ्या वेळचा. ‘तुमच्या आजीचे पत्र तुमच्याकडे आहे का? त्यात काय लिहिले आहे?’ मी प्रेमानं विचारलं होतं. वर्गात एकीकडेही तसं पत्र नव्हतं आणि असणारही नव्हतं. त्यांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती. एक काकू वही मिटून बसल्या. मी तो प्रश्न तिथेच काढून टाकला आणि आजीच्या हातची कोणती वस्तू घरात आहे असं विचारलं. तेव्हा गोधडी, उखळ, पाटा, एक तुटलेली करंडा-फणी असं बरंच निघालं. पण खरं सांगायचं तर त्या वस्तूंच्या गप्पांत गोष्ट मागे पडली. म्हणून तो प्रश्नही छापील यादीत ठेवला नाही.

मग ठरवलं, ज्याचं उत्तर मलाच ठाऊक नाही असं विचारायचं. एक प्रश्न मात्र गोष्टीत बोट ठेवून सापडणारा हवाच, म्हणजे उशिरा वाचणारीलाही पहिलं उत्तर पटकन देता येतं आणि ती पुढच्या चर्चेत बसते. तो पहिला. बाकीचे गोष्टीत न लिहिलेल्या जागांवरचे.

१. पहिल्या तीन पत्रांत एकच वाक्य पुन्हा येते. ते शोधा आणि मोठ्याने वाचा.

२. गुरुजी लिहीत असताना शेजारी कोण बसायचे? आजीला तेव्हा काय सांगता आले नसेल?

३. आजीने “तुम्ही भांडू नका” असे लिहिले. कोणाशी? का लिहिले असेल?

४. जोडवी परत कशी आली असेल? तुम्हाला वाटते ते दोन ओळींत लिहा.

५. कमलने ही पत्रे वाचली ते बरोबर केले का?

६. तुमचा एखादा कागद दुसऱ्या कोणी वाचून दाखवला आहे का? तेव्हा काय झाले? सांगायचे नसेल तर सांगू नका.

सहाव्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य छापण्यावरून मी बराच विचार केला. तोंडी सांगून चाललं असतं. पण कागदावर असलं की ते प्रत्येकीचं होतं, बाईंनी त्या दिवशी मेहेरबानीनं दिलेली सूट राहत नाही. पहिल्या रात्री दोघींनी त्या प्रश्नाखाली काहीच लिहिलं नाही. एकीनं लिहिलं, ‘दवाखान्याचा कागद. पोरानं वाचला. मला नीट सांगितला नाही.’ मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही, वहीवर बरोबरची खूणही केली नाही. त्या उत्तरांवर खूण करत नाही मी.

पाचव्या प्रश्नावर मात्र वर्गात भांडण लागावं इतकी चर्चा झाली. निम्म्या म्हणाल्या, नवरा-बायकोचं पत्र, नातीनं वाचू नये, चुलीत घालावं. एक काकू म्हणाल्या, आजीनं ती जपून ठेवली म्हणजे कोणीतरी वाचावं असंच तिच्या मनात असणार, नाहीतर तिनंच नसती का जाळली. पण जपली होती आजोबांनी, असं दुसरीनं दाखवलं. मग सगळ्या गोष्टीत परत गेल्या. कागद गावी आल्यावर लुगड्यात कोणी बांधले? लुगडं आजीचं. मी हे लिहिताना ठरवलं नव्हतं. त्या पुरावा शोधत पुन्हा वाचत होत्या, आणि त्या दहा मिनिटांत कोणीही बोट ठेवून वाचलं नाही.

जोडव्यांबद्दलची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. ‘दिवाळीला आजोबांनी आणली.’ ‘आजीने शेळी विकून केली.’ ‘सासूने आपली काढून दिली.’ हे तिसरं उत्तर मला कधीच सुचलं नसतं. ते ज्यांनी लिहिलं त्यांचं सासूशी कधी पटलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

चौथ्या महिन्यात गोष्ट शेवटची वाचली. झाल्यावर कागद गोळा करत होते तेव्हा थोरल्या आजी म्हणाल्या, “बाई, एक राहिलं. आजोबाला वाचता येत व्हतं का?”

मी थांबले. गोष्टीत ते कुठेच नव्हतं.

“न्हाई म्हनजे,” त्या म्हणाल्या, “गिरणीत लई जन अडाणीच व्हतं. आमचं मालक पन. खानावळीत एकजन वाचून दावायचा समद्यांची पत्रं. मग सीतीनं एवढं लपवून लिवलं, ते तिकडं चार मानसांत वाचलं गेलं आसंल की.”

कोणीतरी “अगं बाई” म्हटलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी पेन काढलं आणि उरलेल्या सगळ्या प्रतींवर, सहाव्या प्रश्नाखाली, हातानं सातवा लिहिला:

७. आजोबांना वाचता येत होते का? नसेल, तर आजीचे पत्र त्यांना कोणी वाचून दाखवले?